हार्ट फेल्युअरमधील लोहकमतरता: फेरिटिन 'नॉर्मल' असूनही लोह का कमी पडते आणि ते शिरेतून का देतात?

हार्ट फेल्युअरची औषधे वेळेवर चालू आहेत. पायांवरची सूज उतरली आहे, वजन वाढलेले नाही, रक्तदाबही ठीक आहे. तरीसुद्धा एक जिना चढला की धाप लागते, आंघोळ करून आल्यावर दहा मिनिटे पडून राहावेसे वाटते. घरचे म्हणतात, "वय झालं, हृदय कमजोर आहे, एवढं चालायचंच."

अशा थकव्याला हृदयाची कमजोरी हे एकच कारण असेल असे नाही. जुनाट हार्ट फेल्युअर असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या शरीरात लोह कमी पडते. हे कारण रक्ताच्या साध्या तपासणीत सापडू शकते आणि त्यावर उपचारही आहे. अडचण अशी की, हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा लोहाचा रिपोर्ट नेहमीच्या पद्धतीने वाचला, तर ही कमतरता नजरेतून सुटू शकते. ती कशी ओळखायची, लोहाच्या गोळ्यांनी फरक का पडत नाही आणि शिरेतून लोह दिल्यावर काय होते, ते या लेखात समजून घेऊ.

हार्ट फेल्युअरमध्ये रक्त का कमी होते?

पुरुषांमध्ये हिमोग्लोबिन १३ पेक्षा आणि स्त्रियांमध्ये १२ पेक्षा कमी असेल, तर त्याला ॲनिमिया किंवा रक्तक्षय म्हणतात. हार्ट फेल्युअरच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांमध्ये तो आढळतो. त्यामागे एकाच वेळी अनेक कारणे असू शकतात.

शरीरात पाणी साठले असेल, तर रक्त पातळ होते आणि हिमोग्लोबिन प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दिसते. पाणी उतरल्यावर हाच आकडा थोडा सुधारतो. हृदयाकडून मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळाले नाही, तर अस्थिमज्जेला रक्तपेशी बनवण्याचा निरोप देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडू शकते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ ठेवणारी इतर औषधे चालू असतील, तर पोटातून किंवा आतड्यातून थेंबाथेंबाने रक्त जाऊ शकते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण महिनोन्महिने चालले की लोहाची तूट होते. भूक मंदावल्यामुळे जेवणही कमी झालेले असते.

या सगळ्याच्या जोडीला एक कारण असते, त्याची चर्चा फारशी होत नाही. हार्ट फेल्युअरमध्ये शरीरात सतत सौम्य दाह चालू असतो. या दाहामुळे शरीर लोहाचा वापर करण्याची पद्धतच बदलते. पुढचा सगळा मुद्दा यावर उभा आहे.

लोह फक्त रक्तासाठी लागत नाही

"अंगात रक्त कमी आहे" आणि "लोह कमी आहे" ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो. पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातला मोठा भाग हिमोग्लोबिनमध्ये असतो आणि तो ऑक्सिजन वाहून नेतो. उरलेल्यापैकी काही लोह स्नायूंमध्ये असते. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी छोटी केंद्रे असतात, त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. तिथे काम करणाऱ्या अनेक प्रथिनांना लोह लागतेच. मांडीचे स्नायू, श्वासाचे स्नायू आणि खुद्द हृदयाचा स्नायू, सगळ्यांची गरज सारखीच आहे.

म्हणून लोह कमी पडले की हिमोग्लोबिन चांगले असूनही स्नायू लवकर थकतात. हृदय आधीच कमी रक्त पुढे ढकलत असते आणि पोहोचलेल्या ऑक्सिजनपासून ऊर्जा बनवण्याचे कामही मंदावते. रुग्णाला धाप आणि थकवा जाणवतो तो या दोन्हींचा मिळून. त्यामुळे "हिमोग्लोबिन १२.८ आहे, म्हणजे लोह ठीक असणार" हा निष्कर्ष हार्ट फेल्युअरमध्ये धरता येत नाही.

गोदाम भरलेले, टेम्पो रिकामे

शरीरातील लोहाची व्यवस्था समजण्यासाठी एका गोदामाची कल्पना करा. लोहाचा साठा यकृतात आणि प्लीहेसारख्या अवयवांतील काही पेशींत असतो. हे गोदाम. त्यात लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनात बांधून ठेवलेले असते आणि रक्तातील फेरिटिनवरून साठ्याचा अंदाज येतो. गोदामातून बाहेर पडलेले लोह अस्थिमज्जेपर्यंत आणि स्नायूंपर्यंत पोहोचवण्याचे काम ट्रान्सफेरिन हे प्रथिन करते. हे टेम्पो. एकूण जागेपैकी किती टक्के जागेत लोह भरलेले आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. डॉक्टर त्याला थोडक्यात टीसॅट म्हणतात.

गोदामाच्या दाराची किल्ली हेप्सिडिन या संप्रेरकाकडे असते. ते यकृतात तयार होते. शरीरात दाह असला की हेप्सिडिन वाढू शकते आणि मग दोन दारे बंद होतात. एक आतड्याचे, त्यामुळे अन्नातले आणि गोळीतले लोह रक्तात येत नाही. दुसरे गोदामाचे, त्यामुळे साठ्यातले लोह बाहेर पडत नाही. जंतुसंसर्गाच्या वेळी ही सोय उपयोगी असते, कारण वाढण्यासाठी जंतूंनाही लोह लागते. हार्ट फेल्युअरमध्ये मात्र दाह महिनोन्महिने राहतो आणि दारेही तशीच अडून राहू शकतात.

आता दोन परिस्थिती होऊ शकतात. पहिलीत गोदामच रिकामे असते. रक्तस्राव, अपुरे जेवण किंवा लोह शोषले न जाणे यांमुळे साठा संपलेला असतो. तिला खरी किंवा निव्वळ लोहकमतरता म्हणतात. दुसरीत गोदामात माल असतो, पण टेम्पो रिकामे फिरत असतात. लोह शरीरात आहे, पण कामाच्या ठिकाणी पोहोचत नाही. तिला कार्यात्मक लोहकमतरता म्हणतात. बऱ्याच रुग्णांमध्ये या दोन्हींची सरमिसळ असते.

रिपोर्ट कसा वाचायचा?

हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी तीन आकडे एकत्र पाहावे लागतात: हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीसॅट. नुसते 'सिरम आयर्न' पाहून उपयोग नाही, कारण ते दिवसभरात वरखाली होत असते.

फेरिटिनच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. ते साठा दाखवते, पण दाह असला की साठा न वाढताही ते वाढते. म्हणून निरोगी माणसासाठी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला जशीच्या तशी लागू पडत नाही. हृदयरोगतज्ज्ञ पुढील निकष वापरतात:

- फेरिटिन १०० पेक्षा कमी असेल, तर लोहकमतरता आहे असे धरतात.
- फेरिटिन १०० ते २९९ च्या दरम्यान असेल आणि टीसॅट २० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर कार्यात्मक लोहकमतरता धरतात.

इथे फेरिटिनचे एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. अलीकडे अनेक तज्ज्ञ टीसॅटला अधिक महत्त्व देतात. टीसॅट २० टक्क्यांखाली असेल, तर स्नायूंना आणि अस्थिमज्जेला लोह कमी मिळते आहे याची खात्री जास्त असते. फेरिटिन थोडे कमी असूनही टीसॅट चांगले असेल, तर शिरेतून लोह देऊन होणारा फायदा कमी असू शकतो.

टीसॅट रिपोर्टवर छापलेले नसेल, तर ते काढता येते. सिरम आयर्नच्या आकड्याला टीआयबीसीच्या आकड्याने भागा आणि १०० ने गुणा.

एक उदाहरण

दवाखान्यात नेहमी भेटणाऱ्या रुग्णांवरून हे उदाहरण रचले आहे. ६१ वर्षांच्या एक बाई, वजन ५८ किलो. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला होता आणि इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता, म्हणजे ईएफ, ३२ टक्के आहे. औषधे नियमित चालू आहेत, त्यात ॲस्पिरिनही आहे. पाय सुजलेले नाहीत, छाती स्वच्छ आहे. पण पहिल्या मजल्यावर जाताना मध्ये थांबावे लागते आणि चार भाकऱ्या थापल्या की बसावेसे वाटते.

हिमोग्लोबिन १०.९ आले, म्हणून त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. तीन महिने त्यांनी त्या घेतल्या. पोट जड राहू लागले, शौचास खडा होऊ लागला आणि हिमोग्लोबिन पोहोचले फक्त ११.२ वर. पुढच्या तपासणीत फेरिटिन १४८ आले. प्रयोगशाळेची मर्यादा १३ ते १५० होती, त्यामुळे समोर 'नॉर्मल' असे छापून आले. मुलाने रिपोर्ट पाहून सांगितले, "आई, लोह भरपूर आहे. गोळ्या बंद कर."

त्याच रिपोर्टवर सिरम आयर्न ४२ आणि टीआयबीसी ३०० होते. ४२ भागिले ३०० गुणिले १००, म्हणजे टीसॅट १४ टक्के. फेरिटिन १०० ते २९९ मध्ये आहे आणि टीसॅट २० च्या खाली. म्हणजे ही कार्यात्मक लोहकमतरता.

यानंतर डॉक्टरांनी लगेच सलाईन लावली नाही. आधी लोह कुठून जाते आहे का, ते पाहिले. बी-१२, थायरॉइड आणि क्रिएटिनिन तपासले. रक्तपेशींचा आकार थोडा लहान होता, म्हणून थॅलेसेमिया मायनर नाही याची खात्री करून घेतली. वय साठीच्या पुढे आणि ॲस्पिरिन चालू, म्हणून दुर्बिणीतून जठर आणि मोठे आतडे तपासले. जठराच्या अस्तरावर छोटे ओरखडे होते, मोठे आतडे चांगले होते. ॲस्पिरिन बंद न करता जठराचे रक्षण करणारी गोळी जोडली.

मग फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १००० मिलिग्रॅम एकाच वेळी शिरेतून दिले. बारा आठवड्यांनी टीसॅट २४ टक्के, फेरिटिन २९० आणि हिमोग्लोबिन १२.३ झाले. सहा मिनिटांत त्या आधी २७० मीटर चालत होत्या, आता ३१० मीटर चालतात. ईएफ तेवढेच राहिले, हृदयाची औषधेही तीच. पण आता पहिला मजला न थांबता चढता येतो.

सगळ्यांना इतका फरक पडेलच असे नाही. कोणाला जास्त, कोणाला कमी, तर कोणाला फारसा जाणवत नाही.

गोळ्यांनी का भागत नाही?

"गोळ्या स्वस्त आहेत, मग सलाईन कशाला?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेत एक अभ्यास झाला. आयर्नआउट-एचएफ नावाच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. लोहकमतरता आणि हार्ट फेल्युअर असलेल्या २२५ रुग्णांपैकी काहींना १६ आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम लोह तोंडाने दिले, बाकीच्यांना लोह नसलेले दिसायला सारखे औषध दिले. व्यायाम करताना शरीर किती ऑक्सिजन वापरू शकते, ते शेवटी मोजले. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. लोहाचा साठाही फारच थोडा वाढला होता.

कारण वर आलेच आहे. आतड्याचे दार अडलेले असते. शिवाय हार्ट फेल्युअरमध्ये आतड्याच्या अस्तराला सूज असू शकते आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळेही लोह कमी शोषले जाते. निरोगी माणूससुद्धा अन्नातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतो. मोठी तूट या वाटेने भरून काढायला फार वेळ लागतो.

बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी या घरगुती उपायांचेही तसेच आहे. चौरस आहार हवाच, पण अडलेले दार त्याने उघडत नाही. मधुमेह असेल तर खजूर-गूळ त्रासदायक ठरतो. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल, तर बीट-खजुरातील पोटॅशियमचाही विचार करावा लागतो. रोजच्या खाण्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

शिरेतून दिल्यावर काय बदलते?

शिरेतून दिलेल्या लोहाला आतड्याच्या दारातून जावे लागत नाही. साखरेच्या आवरणात बांधलेले हे लोह गोदामातल्या पेशी उचलतात आणि हळूहळू ट्रान्सफेरिनकडे सोपवतात. गोदामाचे दार थोडे अडलेले असले, तरी एकदम आलेल्या मोठ्या साठ्यामुळे बाहेर पडणारे लोह वाढते. टेम्पो भरू लागतात आणि लोह अस्थिमज्जेबरोबर स्नायूंपर्यंतही पोहोचते.

याचा पहिला मोठा पुरावा २००९ मध्ये फेअर-एचएफ या अभ्यासातून मिळाला. त्यात ४५९ रुग्ण होते. काहींना फेरिक कार्बोक्सिमाल्टोज दिले, काहींना साधे सलाईन. लोहाचे औषध गडद तपकिरी असते, म्हणून आपल्याला काय दिले जाते आहे ते रुग्णाला दिसणार नाही अशी व्यवस्था केली होती. २४ आठवड्यांनी "मला बऱ्यापैकी किंवा खूप बरे वाटते" असे सांगणारे लोहाच्या गटात ५० टक्के होते, दुसऱ्या गटात २८ टक्के. फरक चौथ्या आठवड्यापासून दिसू लागला होता. ज्यांना ॲनिमिया नव्हता त्यांनाही तितकाच फायदा झाला. फायदा केवळ हिमोग्लोबिन वाढल्यामुळे होत नाही, हे त्यावरून लक्षात आले.

याला दुजोरा देणारी एक उलटी बाजूही आहे. रक्तपेशी वाढवणारे डार्बेपोएटिन हे इंजेक्शन हार्ट फेल्युअर आणि ॲनिमिया असलेल्या २२७८ रुग्णांवर वापरून पाहिले गेले. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार हिमोग्लोबिन वाढले, पण मृत्यू किंवा हॉस्पिटलमध्ये भरती होणे कमी झाले नाही आणि रक्ताच्या गाठींचा त्रास वाढला. म्हणून फक्त हार्ट फेल्युअरमधल्या ॲनिमियासाठी हे इंजेक्शन देत नाहीत.

शिरेतल्या लोहाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. त्याने थकवा, धाप आणि चालण्याची क्षमता सुधारते, याचा पुरावा चांगला आहे. पुन्हा भरती होण्याचे प्रमाण थोडे कमी होते असे काही अभ्यासांत दिसले. त्यानंतर २०२३ मध्ये ३०६५ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मात्र आधी ठरवलेल्या कठोर कसोटीवर फायदा सिद्ध झाला नाही. आयुष्य वाढते, असे आज खात्रीने म्हणता येत नाही. बहुतेक पुरावा ईएफ कमी असलेल्या रुग्णांचा आहे. ईएफ ५० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्यांबद्दलची माहिती अजून तोकडी आहे. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये कमी ईएफ आणि लोहकमतरता असलेल्या रुग्णांना लक्षणे व जीवनमान सुधारण्यासाठी शिरेतून लोह देण्याची ठाम शिफारस केली आहे.

लोह कसे देतात?

हार्ट फेल्युअरमध्ये फेरिक कार्बोक्सिमाल्टोज आणि फेरिक डेरिसोमाल्टोज या दोन औषधांचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे. आयर्न सुक्रोज हे जुने औषधही मिळते, पण ते एका वेळी थोडेच देता येते. त्यामुळे अनेक फेऱ्या माराव्या लागतात.

मात्रा वजन आणि हिमोग्लोबिन पाहून ठरते. उदाहरणार्थ, हिमोग्लोबिन १० ते १४ आणि वजन ७० किलोपेक्षा कमी असेल, तर फेरिक कार्बोक्सिमाल्टोजची एकूण मात्रा साधारण १००० मिलिग्रॅम असते. हिमोग्लोबिन १० पेक्षा कमी असेल, तर सहा आठवड्यांनी आणखी ५०० मिलिग्रॅम लागतात. एका वेळी १००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. वजन फार कमी असेल, तर हीच मात्रा दोन वेळांत विभागतात. हिमोग्लोबिन १५ पेक्षा जास्त असेल, तर सहसा देत नाहीत.

औषध सलाईनमध्ये मिसळून किमान १५ मिनिटांत देतात. पाणी मोजून पिणाऱ्या रुग्णांना सलाईनची काळजी वाटते, पण ही बाटली जास्तीत जास्त २५० मिलिलिटरची असते. उपाशी राहण्याची गरज नाही आणि सकाळची औषधे नेहमीप्रमाणे घ्या, असेच डॉक्टर बहुधा सांगतात. औषध संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे असते. हे औषध घरी किंवा तातडीच्या उपचारांची सोय नसलेल्या ठिकाणी घेऊ नका.

कोणते त्रास होऊ शकतात?

- सलाईन चालू असताना: चेहरा लाल होणे, छातीत किंवा पाठीत आवळल्यासारखे वाटणे असा त्रास काहींना होतो. औषध थांबवले की तो बहुधा काही मिनिटांत ओसरतो. तीव्र ॲलर्जी क्वचित होते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास अडकणे किंवा चक्कर येणे असे काही वाटले, तर लगेच नर्सला सांगा.
- सुईच्या जागी: जळजळ झाली किंवा सूज आली, तर तेव्हाच सांगा. औषध शिरेबाहेर त्वचेखाली गेले, तर तपकिरी डाग पडतो. तो अनेक महिने, कधी कायमचा राहतो.
- पहिले दोन-तीन दिवस: डोके दुखणे, मळमळ, कणकण, सांधे दुखणे असे होऊ शकते. ते आपोआप थांबते. वेदनाशामक म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका. या गोळ्यांमुळे शरीरात पाणी साठते आणि हार्ट फेल्युअर बळावते.
- काही आठवड्यांनी: फेरिक कार्बोक्सिमाल्टोजमुळे रक्तातील फॉस्फेट कमी होऊ शकते, विशेषतः पुन्हा पुन्हा डोस घेतल्यास. लोह भरूनही थकवा वाढला, स्नायू अशक्त वाटले किंवा हाडे दुखू लागली, तर डॉक्टरांना फॉस्फेट तपासायला सांगा.

डॉक्टरांना आधी काय सांगाल?

ताप किंवा कोणताही जंतुसंसर्ग चालू असेल, तर तो बरा होईपर्यंत शिरेतून लोह सहसा देत नाहीत. पूर्वी लोहाच्या इंजेक्शनची ॲलर्जी झाली असेल, दमा असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर आधी सांगा.

तुमच्या कुटुंबात थॅलेसेमिया किंवा सिकल सेल आहे का, हेही सांगा. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकल सेल बऱ्याच कुटुंबांत आढळतो. या आजारांत हिमोग्लोबिन कमी असते, पण लोह कमी असेलच असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात तर लोह साचलेले असू शकते. तिथे आणखी लोह दिले तर हृदयालाच इजा होते. म्हणून "रक्त कमी आहे" एवढ्यावरून लोहाची सलाईन लावून घेऊ नका. आधी फेरिटिन आणि टीसॅट पाहायलाच हवे.

काळी डांबरासारखी शौच, शौचावाटे रक्त, मूळव्याध, वजन घटणे, मासिक पाळीत जास्त रक्तस्राव यांपैकी काही असेल, तर लपवू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्यामुळे गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. रक्तस्रावाचे कारण तसेच राहिले, तर भरलेले लोह पुन्हा संपते आणि आतड्याचा कर्करोगासारखा आजार ओळखायला उशीर होतो. रक्तस्रावाच्या भीतीने ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध स्वतःहून बंद मात्र करू नका.

नंतरची तपासणी

लोह दिल्यानंतर पहिले चार आठवडे फेरिटिन खूप वाढलेले दिसते. त्या काळात तपासणी केली तर चुकीचा अंदाज येतो आणि उगाच घाबरायला होते. साधारण १२ आठवड्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीसॅट पुन्हा पाहतात. त्यानंतर वर्षातून एक-दोनदा किंवा लक्षणे वाढली तर तपासतात. दाह चालू राहतो, म्हणून काही रुग्णांना पुन्हा डोस लागतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हिमोग्लोबिन चांगले आहे. तरी फेरिटिन आणि टीसॅट तपासायचे का?
हो. हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक रुग्णाने ते वेळोवेळी तपासावे, कारण ॲनिमिया नसतानाही लोहकमतरता असू शकते.

त्यापेक्षा रक्ताची बाटलीच का लावत नाहीत?
रक्त चढवल्याने शरीरात पाणी वाढते आणि धाप वाढू शकते. हिमोग्लोबिन फारच खाली गेले किंवा मोठा रक्तस्राव झाला, तरच त्याचा विचार होतो.

लोह घेतल्यावर हृदयाची औषधे कमी होतील का?
नाही. लोह हा त्या औषधांना जोड असलेला उपचार आहे. ती औषधे पूर्वीसारखीच चालू ठेवायची असतात.

सलाईन घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात धाप वाढली, तर?
ती लोहामुळे आहे असे गृहीत धरून थांबू नका. दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने वाढले, पाय सुजले किंवा आडवे झोपता येईना, तर हार्ट फेल्युअर बळावल्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या भेटीला जाताना काय न्यावे?
लोहाचे जुने-नवे सगळे रिपोर्ट, शेवटचा इको आणि चालू औषधांची यादी न्या. रिपोर्टवर टीसॅट नसेल, तर ते किती आहे ते विचारा. फेरिटिनसमोर 'नॉर्मल' छापलेले असले, तरी हार्ट फेल्युअरच्या निकषाने ते पुरेसे आहे का, हेही विचारा.